ॲपने काय विसरावं? रात्री दोननंतर गायब होणारा द्राक्षाचा खुंट

अभि_ओझर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून द्राक्ष बागायतदारांसाठी एक सल्ल्याचं ॲप चालवतो. शेतकरी मराठीत बोलतो किंवा लिहितो, मागे भाषेचं मॉडेल आहे, आणि त्याने सांगितलेल्या कामाच्या गोष्टी एकेका वाक्यात साठवून ठेवतो. पुढच्या वेळी प्रश्न आला की साठ्यातल्या जुळणाऱ्या आठ गोष्टी काढून मॉडेलपुढे ठेवतो. ॲपची 'आठवण' म्हणतो ती एवढीच.

साठा वाढत गेला तसे सल्ले भरकटायला लागले. गेल्या आठवड्यातलं 'आज ढगाळ आहे' आजच्या उत्तरात डोकावायचं. म्हणून प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचे आणि कमी गुणाच्या पुसायच्या असं ठरवलं. २०२३ च्या स्टॅनफर्डच्या 'जनरेटिव्ह एजंट्स' शोधनिबंधातलं सूत्र घेतलं: ताजेपणा, महत्त्व आणि प्रश्नाशी जुळणी. रात्री प्रश्न नसतो म्हणून जुळणी वगळली. दोन्ही गुण ० ते १ मध्ये आणतो, सरासरी काढतो, आणि ०.३५ च्या खाली आलेलं रात्री दोन वाजता पुसतो.

```
recency    = 0.995 ** hours_since_last_access
score      = (minmax(recency) + minmax(importance)) / 2
if score < 0.35: delete
```

महत्त्व १ ते १० मध्ये मॉडेललाच विचारतो, गोष्ट साठवतानाच.

आता तक्रार. निफाडकडच्या एका बागायतदाराने मे महिन्यात सीसीसी हे वेलीची वाढ आवरणारं औषध फवारल्याचं सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्याने विचारलं, 'माल निर्यातीला द्यायचा तर तपासणीत काय अडचण येईल?' ॲपने सीसीसीचं नावही काढलं नाही, कारण ती नोंद पुसली गेली होती. त्याच रात्री त्याचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम केलंय ते मूळझाड, डॉगरिज असल्याचंही उडालं. 'आज ढगाळ आहे' मात्र शाबूत.

उंबरठा ०.३५ वरून ०.२५ करू का? की महत्त्वाचं वजन वाढवू?

---

सुलभाताई_ठाणे

अभि, माझ्याही फोनची मेमरी सारखी भरते. मुलाने सांगितलंय की सेटिंगमध्ये जाऊन कॅशे साफ करायचा आणि कुटुंबाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ काढायचे. तुमच्या शेतकऱ्यांनाही तेच सांगून बघा. आणि सकाळच्या फुलांचे फोटो आपोआप उतरवून घेणं बंद ठेवा, निम्मी जागा तेच खातात.

---

अभि_ओझर

ताई, फोनमधली जागा वेगळी. शेतकऱ्याने सांगितलेलं काय लक्षात ठेवायचं याबद्दल बोलतोय मी. पण फुलांच्या फोटोंबद्दल शंभर टक्के सहमत.

---

वाऱ्यावरची_वही

यावर मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच काम करून ठेवलंय. विसरण्याचा वक्र आधी झपाट्याने पडतो, मग सावकाश. आणि उजळणी झाली की पुढचा वक्र कमी उताराचा होतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीला एक 'बळ' द्यायचं. ती वापरली गेली की बळ एकाने वाढवायचं आणि काळ शून्यापासून मोजायचा. 'मेमरीबँक' नावाच्या प्रकल्पात अगदी हेच केलंय. तुझ्या सूत्रात उजळणीचं बळ नाही, तिथेच घोळ आहे. ते घाल, उंबरठ्याला हात लावू नकोस.

---

शून्यशेष

अभि, उंबरठा हलवून काही होणार नाही. आधी तुझ्या शेतकऱ्याचा हिशेब कागदावर मांडून बघ. त्या रात्री त्याच्या कोणकोणत्या गोष्टी साठ्यात होत्या, महत्त्वाचे गुण किती, आणि शेवटच्या वापरल्या कधी? एवढं टाक.

---

अभि_ओझर

नोंदवहीतून काढलं. पाचच होत्या.

सीसीसी फवारणी: महत्त्व ६, नऊ महिन्यांत हात लागला नाही. डॉगरिज खुंट: महत्त्व ४, पाच महिन्यांपूर्वी. मुलीचं लग्न डिसेंबरात: महत्त्व ८, चाळीस दिवसांपूर्वी. मराठीतच बोला: महत्त्व ५, त्याच दिवशी. आज ढगाळ आहे: महत्त्व ३, दोन तासांपूर्वी.

---

शून्यशेष

झकास. आता बघ.

०.९९५ दर तासाला म्हणजे सुमारे १३८ तासांत निम्मं, पावणेसहा दिवस. महिन्याने उरतं ०.०२७. सीसीसी आणि खुंट दोन्ही शून्यच समज, आणि चाळीस दिवसांपूर्वीचं लग्नही जवळपास तिथेच. म्हणजे ताजेपणात तीन शून्यं आणि दोन एक. महत्त्व ३ ते ८ च्या पट्टीवर ताणलं की सीसीसी ०.६, खुंट ०.२, लग्न १, मराठी ०.४, ढगाळ ०. सरासरी काढ. सीसीसी ०.३०, खुंट ०.१०, लग्न ०.५०, मराठी ०.७०, ढगाळ ०.५०. ०.३५ ला सीसीसी आणि खुंट जाणार, ढग राहणार. तुझा प्रोग्राम चुकला नाही, त्याने सांगितलं तेवढंच केलं. उंबरठा ०.२५ केलास तर सीसीसी वाचेल, खुंट तरीही जाईल.

पण खरी गंमत त्या minmax मध्ये आहे. शोधनिबंधात ते ठीक होतं, कारण तिथे गुण फक्त क्रम लावायला वापरलेत: आत्ताच्या प्रसंगाला सगळ्यात योग्य आठवणी कोणत्या, एवढंच. पुसलं काहीच जात नाही, सगळी नोंद जशीच्या तशी राहते. आणि ते गाव पंचवीस पात्रांचं, खेळातल्या दोन दिवसांचं. तुझ्याकडे वर्षाचं पीक आहे. क्रम लावायचं सूत्र तू फाशी द्यायला वापरलंस.

minmax ने दोन गोष्टी होतात, आणि दोन्ही तू तपासू शकतोस.

पहिली. शेतकऱ्याने महिनाभर ॲप उघडलं नाही तर सगळ्या गोष्टींचा ताजेपणा एकाच पटीने कमी होतो. सगळं एकाच पटीने कमी झालं की ० ते १ मध्ये ताणल्यावर आकडे होते तेच येतात. म्हणजे नुसता काळ गेल्याने तुझ्याकडे काहीच जुनं होत नाही! पण त्याने आज एक नवी गोष्ट सांगितली की ती एकवर बसते आणि जुन्या सगळ्या शून्याकडे ढकलल्या जातात. थोडक्यात, जो जास्त बोलतो त्याच्या जुन्या गोष्टी जास्त पुसल्या जातात. पुसण्याच्या नोंदी शेतकऱ्यांच्या बोलण्याच्या दिवसांशी लावून बघ. शांत रात्री एखादं अपवादाने जाईल, बाकी सगळं बोलण्याच्या दिवसानंतर गेलेलं दिसेल.

दुसरी. नवीन शेतकरी पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात सहा गोष्टी सांगतो. पहिलीचा ताजेपणा ०.९९७५, शेवटचीचा १. फरक नगण्य. पण ताणल्यावर पहिली शून्य आणि शेवटची एक. आणि माणूस आधी काय सांगतो? गाव, जात, खुंट, क्षेत्र. शेवटी काय? 'बरं, ठेवतो, पाऊस यायला लागलाय.'

---

अभि_ओझर

बसून नोंदी लावल्या. तुम्ही म्हणता तसंच आहे. ज्यांनी नोव्हेंबरात एकदा बोलून नंतर तोंड उघडलं नाही, त्यांचं एकही वाक्य तेव्हापासून गेलेलं नाही. आणि जे रोज बोलतात त्यांच्या नोंदींचा फडशा पडलाय. पहिल्या दिवसाचंही खरं निघालं: नवीन लोकांमध्ये सगळ्यात जास्त पुसली गेलेली गोष्ट म्हणजे द्राक्षाची जात. आम्ही समजत होतो की मॉडेल ती नीट टिपतच नाही, म्हणून दोन आठवडे टिपण्याच्या सूचनाच बदलत बसलो होतो.

---

मिठाचा_खडा

मुळात पुसायचं कशाला? एका शेतकऱ्याची पाचशे वाक्यं म्हणजे किती जागा? काही नाही. सगळं ठेवा, शोध चांगला करा. विसरणं हा मेंदूचा नाइलाज आहे, डिस्कचा नाही. उगाच वक्र न् फिक्र.

---

शून्यशेष

खडेसाहेब, जागेपुरतं बरोबर आहे. पण अडचण जागेची नाही, त्या आठ खुर्च्यांची आहे. प्रश्नापुढे आठच गोष्टी ठेवता येतात. 'आज पाणी किती देऊ?' ला 'आज ढगाळ आहे' शब्दार्थाने छान जुळतं, मग ते ढग गेल्या मंगळवारचे का असेनात. अशी चाळीस 'आज'ची वाक्यं साठली की खुर्च्या तीच भरतात आणि 'जमीन हलकी आहे' बाहेर उभं राहतं. शोध सुधारून हे सुटत नाही, कारण जुळणी खरीच चांगली आहे, वाक्यच शिळं आहे.

वहीताई की वहीदादा, माहीत नाही, उजळणीच्या बळाबद्दल. एबिंगहाउसने स्वतःवर निरर्थक अक्षरगट पाठ करून मोजलं होतं. माणूस कसा विसरतो ते त्यातून कळतं. ॲपने काय विसरावं ते नाही. तुमच्या बाजूने बोलणारं काम नंतरचं आहे: अँडरसन आणि स्कूलर, १९९१. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सचे मथळे, मुलांशी बोललेली वाक्यं आणि ईमेल तपासून पाहिलं की एखादा शब्द किंवा नाव पुन्हा लागण्याची शक्यता काळानुसार कशी घटते. ती विसरण्याच्या वक्रासारखीच घटते, आणि शेपूट लांब असतं. अभिचा तासाचा घातांक महिन्याभरात सगळं शून्य करतो. खरं जग इतक्या लवकर हात झटकत नाही.

तरीही वापरावर बळ वाढवणं इथे घातक ठरेल. अभि, तुझा last_access कधी बदलतो? गोष्ट शोधात वर आली की, का उत्तरात खरंच वापरली गेली की?

---

अभि_ओझर

शोधात आठात आली की.

---

शून्यशेष

वाटलंच. 'मराठीतच बोला' जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला आठात येत असणार. आली म्हणून ताजी, ताजी म्हणून पुन्हा आली. वर उजळणीचं बळ दिलंस तर ती अमर होईल आणि खुंट कायमचा अनाथ. शोधात येणं हा वापर नव्हेच. उत्तर तयार झाल्यावर कोणत्या गोष्टीवर ते टेकलं हे मॉडेलकडून क्रमांकाने लिहून घे आणि तेवढ्यांचाच वापर मोज. मॉडेल इथेही कधी कधी थाप मारतं, पण आठच्या आठ मोजण्यापेक्षा बरं.

---

वाऱ्यावरची_वही

ताईच. हे मान्य, शोधात येणं आणि वापरणं यात मी गल्लत केली. पण मग रेडिससारख्या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काय? तिथे कमी वापरलेलं काढून टाकतात आणि जग व्यवस्थित चालतं की.

---

शून्यशेष

चालतं, कारण रेडिस बहुतेक वेळा कॅशे म्हणून वापरतात. काढलेली गोष्ट मागच्या डेटाबेसमध्ये असते. चूक झाली तर थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. शेतकऱ्याने मेमध्ये सांगितलेल्या वाक्याची मूळ प्रत कुठे आहे? त्याच्या डोक्यात. ती परत मिळवायची तर त्यालाच विचारावं लागतं, आणि 'हे मी सांगितलं होतं ना तुम्हाला?' हे एकदा ऐकलं की तो ॲप काढून टाकतो.

---

बागवाला

मी निफाड तालुक्यातला, तीन एकर थॉमसन. तुमचं सूत्र मला कळत नाही, पण सीसीसीचं सांगतो.

एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. त्यानंतर काडी वाढत सुटू नये आणि डोळ्यात घड नीट तयार व्हावा म्हणून सीसीसी मारायची पद्धत होती. माल निघतो पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीपासून. मधे ऑक्टोबरची गोडी छाटणी होते, सगळी नवी पालवी येते, माणसाला वाटतं मागचं सगळं धुऊन गेलं. तसं नसतं, वेल धरून ठेवते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर याच सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाटच्या, अंशामुळे अडकले. तो हंगाम ज्याने पाहिला तो विसरणार नाही.

म्हणजे ही गोष्ट आठ-नऊ महिने कोणी विचारणार नाही, आणि विचारेल तेव्हा लाखांचा प्रश्न असेल. तुमचं ॲप 'विचारली नाही म्हणून बिनकामाची' म्हणतंय. आमच्याकडे कात्री वर्षातून दोनदाच लागते, म्हणून कोणी भंगारात घालत नाही.

---

शून्यशेष

बागवाले दादा, अख्ख्या धाग्याचं काम तुम्ही केलंत. लांब शेपटाचा वक्र लावला तरी ही गोष्ट त्यात बसत नाही, कारण हिची गरज हळूहळू घटत नाही. नऊ महिने शून्य असते आणि एका आठवड्यात शिखरावर जाते. कुठलाही घसरता वक्र इथे चुकणारच.

म्हणून अभि, एकच सूत्र सगळ्यांना लावू नकोस. साठवताना मॉडेलला 'किती महत्त्वाचं' विचारण्याऐवजी 'हे कशाने संपेल?' असं विचार. त्या शोधनिबंधातली १ ते १० ची पट्टी आठव: एक म्हणजे दात घासणं, दहा म्हणजे नातं तुटणं किंवा कॉलेजात प्रवेश मिळणं. ती पट्टी मनाला किती भिडेल ते मोजते. म्हणूनच तुझ्याकडे लग्नाला ८ आणि खुंटाला ४. सल्ल्याच्या ॲपला भिडण्याशी कर्तव्य नाही. शिवाय मॉडेलं बहुतेक गोष्टींना मधलेच आकडे देतात, आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा विचारलं तर एखादा गुण इकडेतिकडे. उंबरठ्याच्या काठावरच्या गोष्टीचा जीव असल्या एका गुणावर ठेवायचा नसतो.

'कशाने संपेल' ची उत्तरं तुझ्याकडे तीनच निघतील असं वाटतं. काही गोष्टी काळाने संपतच नाहीत, फक्त नवी गोष्ट त्यांची जागा घेते: खुंट, जात, क्षेत्र. काही एखाद्या घटनेने संपतात: छाटणीची तारीख पुढच्या छाटणीने, फवारणी काढणी उरकल्यावर. आणि काही खरंच काळाने संपतात: ढग, पाऊस, 'आज मजूर आले नाहीत'. अर्धायुष्य लावायचं ते फक्त या तिसऱ्यांना, आणि कशाशीही न ताणता:

```
strength = 0.5 ** (age_days / half_life_days)
```

ढगाळला दीड दिवस दे. आठवड्याने उरेल ०.०४. इथे उंबरठ्याला अर्थ आहे, कारण हा आकडा बाकीच्या गोष्टींवर अवलंबून नाही.

---

रेवा_डब्लिन

इथे मराठी मंडळींना डबे पुरवते, त्यासाठी छोटा बॉट केलाय, म्हणून माझी गोष्ट सांगते. एका ग्राहकाने शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली होती. नंतर त्यानेच कळवलं की ती त्याची नव्हे, त्याच्या फ्लॅटमधल्या मित्राची, आणि मित्र आता गेला. ते काढून टाका. मी साठ्यातलं वाक्य पुसलं. तरी पुढचे तीन महिने बॉट त्याला बिनदाण्याची उसळ सुचवत राहिला!

शोधल्यावर कळलं की आमच्याकडे आठवड्याला सगळ्या गोष्टींचा एक सारांश बनतो आणि तोही साठ्यातच जातो. ॲलर्जी त्या सारांशात शिरून बसली होती. पुढचा सारांश आधीचा वाचून बनायचा, म्हणजे ती पिढ्यानपिढ्या चालू. आता प्रत्येक सारांशाबरोबर तो कोणत्या वाक्यांवरून बनला त्यांचे क्रमांक ठेवते. एक वाक्य गेलं की सारांश टाकून नव्याने बनवायचा.

उलट बाजूने भीतीही वाटते. ॲलर्जी खरी असती आणि 'वापरली नाही' म्हणून गेली असती तर?

---

अभि_ओझर

रेवाताई, सारांश आम्हीही बनवतो. आज संध्याकाळी तेच तपासतो.

शून्यशेष, दुसऱ्या प्रकारात अडकलोय. 'काढणी उरकल्यावर संपेल' हे लिहायला सोपं, पण काढणी झाली हे ॲपला कळणार कसं? माल गेला की शेतकरी एप्रिलपर्यंत आमच्याकडे फिरकत नाही.

---

शून्यशेष

घटना कळली तर घटनेने, नाही कळली तर मागच्या बाजूची एक तारीख. गोडी छाटणी सांगितली असेल तर तिथून माल साधारण किती दिवसांनी येतो हे दादा सांगतील. त्यावर भरपूर जास्तीचे दिवस धर. ते उलटले तरी लगेच पुसू नकोस. दोन पायऱ्या ठेव: आधी गोष्ट 'थंड', म्हणजे शोधात येत नाही पण साठ्यात आहे, आणखी तीन महिन्यांनी खरी पुसायची.

थंड पायरीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. शेतकऱ्याने नवी गोष्ट सांगितली की ती थंड साठ्याशीही जुळवून बघ. तीच तिथे आधीपासून पडलेली सापडली, तर त्याला ती पुन्हा सांगावी लागली. म्हणजे तू चुकीचं विसरलास. ही पुन्हा सांगायला लागलेल्यांची संख्या दर आठवड्याला, प्रकारागणिक मोज. उंबरठा बरोबर आहे की नाही हे सांगणारा याहून साधा आकडा मला माहीत नाही. पुसून टाकलंस तर हा आकडा मोजताच येत नाही, म्हणून तर तुला फेब्रुवारीपर्यंत पत्ता लागला नाही.

एक बारीक गोष्ट. मुदत वाचताना तपास, झाडूवाल्यावर अवलंबून राहू नकोस. मोंगो डेटाबेसचा टीटीएल, म्हणजे मुदत संपलेलं आपोआप पुसणारी सोय, मिनिटाला एकदा झाडतो, डायनॅमो डेटाबेसमध्ये मुदत संपलेली नोंद जायला काही दिवसही लागू शकतात. तोवर ती शोधात येतच राहते.

---

बागवाला

गोडी छाटणीपासून थॉमसन साधारण १२० ते १३५ दिवसांत येतो. थंडी जास्त असली की लांबतो, आणि भाव पडलेला असला तर माणूस माल वेलीवर धरून ठेवतो. त्यामुळे दिवसांवर फार भरवसा ठेवू नका.

पण मला एक सांगा, काढणीनंतर फवारण्या पुसायच्याच का? मला मागच्या तीन वर्षांचा हिशेब पाहिजे असतो. कोणत्या वर्षी डावणीला काय मारलं, किती वेळा, गुण आला की नाही. हे मी वहीत लिहितो. वहीतलं कोणी विसरत नाही. डोक्यात फक्त चालू हंगाम असतो.

---

मिठाचा_खडा

घ्या! सांगत होतो, सगळं ठेवा.

---

शून्यशेष

नाही हो, दादा वेगळं म्हणतायत. वही वेगळी आणि डोकं वेगळं. फवारणी ही आठवणीत ठेवायची गोष्टच नव्हती. तारीख, औषध, मात्रा, प्लॉट अशा रकान्यांचा साधा तक्ता हवा, ज्यावर विसरण्याचा कुठलाही नियम चालत नाही आणि जो शब्द जुळवून नाही तर तारखेने वाचायचा. 'निर्यातीला अडचण काय' असा प्रश्न आला की ॲपने शेवटच्या खरड छाटणीपासूनच्या सगळ्या फवारण्या तक्त्यातून काढायच्या, आठातल्या आठ खुर्च्यांची वाट न बघता. निर्यातीच्या नोंदणीच्या बागांना फवारणीची नोंद अशीही ठेवावी लागतेच.

अभि, मी तुला सीसीसीसाठी घटनेची मुदत सुचवली ती अर्धवट होती. दादांचं बरोबर.

---

अभि_ओझर

महिन्याभराने परत आलोय.

minmax काढलं. फवारणी आणि छाटणी तक्त्यात गेली. उरलेल्यांना 'कशाने संपेल' लावलं. मॉडेल कायमचं आणि क्षणाचं नीट ओळखतं, पण घटनेच्या गोष्टींत गडबडतं: 'यंदा पाणी कमी आहे' ला कायमचं ठरवलं, 'विहिरीला पाणी कमी' ला क्षणाचं. पुन्हा सांगायला लागलेल्या गोष्टी पहिल्या आठवड्यात एकवीस निघाल्या, परवाच्या आठवड्यात चार. त्या चारपैकी तीन पाण्याच्याच.

जागा घेणाऱ्या गोष्टींतही एक फसगत झाली. एकाने 'दोन एकर' सांगितलं होतं, मग 'तीन एकर' म्हणाला. आम्ही जुनं बाजूला केलं. निघालं असं की त्याच्याकडे दोन एकर थॉमसन आणि तीन एकर शरद, अशा दोन बागा. आता जुनी गोष्ट पुसत नाही, 'अमुक तारखेपर्यंत खरी' असं लिहून ठेवतो, आणि आकड्यांत विरोध दिसला तर सरळ विचारतो: आधीची बाग विकली, का ही दुसरी?

---

रेवा_डब्लिन

आणि ते लग्न? महत्त्व ८ वालं?

---

अभि_ओझर

ते तसंच आहे. 'मुलीचं लग्न डिसेंबरात' हे डिसेंबर उलटल्यावर संपतं, का 'लग्न झालं' असं बदलतं, यावर आमच्या तिघांत तीन मतं. मी म्हणतो बदलायचं. सोबतीण म्हणते, तारीख टळली की थंड करा, घरच्या गोष्टीत ॲपने आपल्या मनाने निष्कर्ष काढायचे नाहीत.

---

बागवाला

सोबतिणीचं ऐका. आमच्या भावकीत गेल्या साली ठरलेलं लग्न मोडलं. कोणी फोनवरून 'अभिनंदन, जावई काय म्हणतात' विचारलं असतं तर त्या माणसाने फोन विहिरीत टाकला असता.

---

सुलभाताई_ठाणे

मी सगळं वाचलं, निम्मं कळलं. पण मला एक विचारायचंय. माझ्या फोनमधला सहायक मला अजून 'ह्यां'च्या बीपीच्या गोळीची आठवण करून देतो. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गोळी कायमची म्हणून लिहिली होती ना मी. ते कुठून बंद करायचं?

---

शून्यशेष

ताई, फोन कुठला आहे ते व्यनि करा, रात्री फोनवर बसून काढू या. आणि अभि, ताईंच्या त्या गोळीला 'कशाने संपेल' चं उत्तर तुझ्या तीन प्रकारांत मला सापडत नाहीये.